अक्षता पडल्यानंतरचा पाऊण तास

लग्न ठरल्याचं कळताच केटरर पहिला प्रश्न विचारतो, "पानं किती?" आणि यजमानही फारसा विचार न करता सांगून टाकतात, "आठशे धरा." पुढचे तीन-चार महिने सगळी बोलणी या आठशेभोवती फिरतात. दर त्यावर ठरतो, शिधा त्यावर निघतो, हॉलही त्यावरच पसंत केला जातो. तरीही लग्नाच्या दिवशी दीड वाजता रांग जिन्यापर्यंत गेलेली असते, पुऱ्या संपलेल्या असतात आणि मुलाकडचे एक काका "आम्ही बाहेर जेवून घेतो" असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत असतात. भटारखान्यात मात्र अन्न भरपूर असतं. आठशे माणसं जेवणार हे सगळ्यांनी मोजलेलं असतं. त्यांतली साडेचारशे एकाच वेळी जेवणाकडे वळणार आहेत, हे मोजायचं राहून गेलेलं असतं.

संध्याकाळच्या रिसेप्शनला ही अडचण फारशी येत नाही. सातपासून दहापर्यंत माणसं येत राहतात, भेटतात, जेवतात, निघतात. दुपारच्या मुहूर्ताचं तसं नसतं. माणसं अक्षता टाकायला येतात, म्हणजे साधारण एकाच वेळी येतात. आणि शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली की त्या सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते. म्हणून दुपारच्या लग्नाच्या जेवणाचा आराखडा त्या पुढच्या पाऊण तासासाठी करावा लागतो. तो पाऊण तास निभावला, तर उरलेलं जेवण आपोआप पार पडतं.

हिशेबासाठी एक लग्न घेऊ. पुणं, मे महिन्यातला रविवार, दाट तिथी. मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांनी. मुलगी पुण्याची, मुलाकडचे कराडकडून येणार. हॉल सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत ताब्यात, कारण संध्याकाळी तिथे दुसरं कार्य आहे. टेबलाची पंगत एका वेळी २०० जणांची बसते.

दोन्ही घरांच्या याद्या एकत्र केल्यावर ११४० माणसं भरली. इथे बहुतेक घरांत कुणीतरी अनुभवी मावशी म्हणते, "तीस टक्के येत नाहीत, सोडून द्या." मावशींचा अंदाज बरोबर असतो, पण तो सगळ्या यादीला सारखा लावून चालत नाही. यादीचे गट पाडावेत. घरचे आणि जवळचे नातेवाईक २६०, त्यांतले २४५ येणारच. कराडकडचे १८०, त्यांचा अंदाज पत्रिकांवरून लावायचा नाही, तर ठरवलेल्या गाड्यांवरून. दोन बस आणि सात-आठ गाड्या म्हणजे १४० धरले. बस रिकामी येत नाही. एखाद्याचं रहित झालं तर त्या जागी शेजारचं कुणीतरी बसतं. सोसायटी आणि मित्रमंडळी ३२०, त्यांतले २२५. ऑफिसची आणि व्यवसायातली माणसं २८०; रविवारी दुपारी, उन्हात, आणि त्याच दिवशी त्यांना आणखी दोन लग्नं असताना, ११० आली तरी पुष्कळ. उरलेले १०० जण फक्त व्हॉट्सॲपवर पत्रिका गेलेले; त्यांतले ४०. बेरीज ७६०.

आता जी माणसं कुठल्याच यादीत नसतात ती धरायची. फोटोग्राफर आणि त्याची पोरं, बँडवाले, गुरुजी, मंडपवाल्याची माणसं, मेंदीवाली, आणि मुख्य म्हणजे बस व गाड्यांचे ड्रायव्हर. हे चाळीसजण निघतात. त्यांना धरून ८०० झाले.

केटररला मात्र हा आकडा सांगू नये. करारात लिहायचा असतो तो 'गॅरंटी'चा आकडा, म्हणजे तितकी पानं झाली नाहीत तरी पैसे द्यायचे. तो अंदाजाच्या खाली, इथे ७२० ठेवावा. बहुतेक चांगले केटरर गॅरंटीच्या वर पाच ते दहा टक्के तयारी ठेवतात. दहा टक्के असतील तर ७९२ होतात, म्हणजे आपल्या अंदाजाच्या जवळ आलोच. ही टक्केवारी तोंडी न ठेवता लिहून घ्यायची. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी असाव्यात: मुलांचं पान किती वर्षांपर्यंत अर्धं, ड्रायव्हर आणि बँडवाल्यांचा दर काय, आणि पानं मोजायची कशी.

शेवटच्या मुद्द्यावरून जितकी भांडणं होतात तितकी चवीवरून होत नाहीत. बुफेत पानं मोजतात ती ताटांवरून. सकाळी किती ताटं मांडली, शेवटी किती कोरी उरली, मधला फरक म्हणजे जेवलेली माणसं. पण बुफेत माणूस भजी खाऊन ताट ठेवतो आणि भातासाठी दुसरं घेतो. लहान मुलं तर जिलबीसाठी तीन ताटं घेतात. शिवाय घासून आलेली ताटं पुन्हा गठ्ठ्यावर चढली की हिशेबच हरवतो. उपाय साधा आहे. आपल्याकडचा एक शांत डोक्याचा माणूस, शक्यतो बँकेतून निवृत्त झालेला मामा, सकाळी ताटांचे गठ्ठे केटररच्या मुकादमासमोर मोजतो आणि दोघं वहीत सही करतात. धुतलेली ताटं वेगळ्या टेबलावर जातात आणि तिथून पुन्हा काउंटरवर आली तर त्याची वेगळी नोंद होते. पंगतीत हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक पंगतीच्या वेळी खुर्च्या मोजल्या की झालं.

आता चव पाहण्याचा कार्यक्रम. केटरर ऑफिसात बोलावतो, वीस पदार्थ छोट्या वाट्यांत मांडतो, मुलीची आई मसालेभाताला मान डोलावते आणि मुलीचा भाऊ पनीरच्या तीन भाज्यांत कुठली यावर वाद घालतो. या वाट्यांवरून आचाऱ्याचा हात कळतो, इतकंच. चार माणसांचा मसालेभात आणि चाळीस किलो तांदळाचा मसालेभात हे दोन वेगळे पदार्थ आहेत. मोठ्या पातेल्यातली उष्णता गॅस बंद केल्यावरही तास-दीड तास जात नाही, भात आतल्या आत शिजत राहतो. म्हणून जाणता आचारी तो किंचित कणी असतानाच उतरवतो आणि वाफेवर सोडतो. नवखा पूर्ण शिजवून उतरवतो. मग साडेबाराला भात छान असतो आणि दोन वाजता त्याचा गिच्च गोळा झालेला असतो. चवीच्या वाटीत हे कधीच दिसणार नाही.

खरी चाचणी घ्यायची असेल तर केटररला सांगून त्याच्या एखाद्या चालू कार्याला जावं, आणि तेही अडीच वाजता. साडेबाराला सगळंच चांगलं असतं. अडीचला वरण गरम आहे का, भाताच्या तळाला करपल्याचा वास येतो का, कोशिंबिरीला पाणी सुटलंय का, शेवटच्या माणसांना जिलबी मिळते का, हे पाहावं. मग भटारखान्यात डोकावावं. हात धुवायला पाणी आणि साबण कुठे आहे, शिजलेलं अन्न झाकलेलं आहे का, चिरलेली कच्ची भाजी आणि तयार अन्न एकाच टेबलावर आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. केटररचा अन्नसुरक्षा परवाना असतो, त्यावर चौदा आकडी नंबर असतो. तोही मागून घ्यावा, संकोच करू नये. आणि एक प्रश्न न चुकता विचारायचा: "आमच्या दिवशी तुमची आणखी किती कार्यं आहेत, आणि हाच आचारी आमच्याकडे असणार का?" दाट तिथीला एकेका केटररची तीन-चार कामं असतात. चव दाखवणारा आचारी एक आणि आपल्या लग्नात रांधणारा दुसराच, असं सर्रास घडतं.

पदार्थ निवडताना घरात चर्चा होते ती आवडीची. मोठ्या जेवणात दुसरा निकषही तितकाच महत्त्वाचा: पदार्थ किती वेळ थांबू शकतो? अळूची पातळ भाजी तासाभराने अधिकच मुरते, तिला कसलीच घाई नाही. बटाट्याची सुकी भाजी, साधं वरण, पंचामृत, लोणचं हे सगळे गुणी पदार्थ आहेत. काकडीच्या कोशिंबिरीत दही-मीठ आधी घातलं की पाऊण तासात तिचं सार होतं. ती वाढायच्या दहा मिनिटं आधी आणि थोडी थोडी कालवावी लागते. भजी पंधरा मिनिटांत मऊ पडतात. सगळ्यांत नाजूक पुरी. आपल्या पारंपरिक ताटात डावी-उजवी बाजू सांभाळणारे बहुतेक पदार्थ थांबू शकणारे आहेत, हा योगायोग नसावा. शेकडो पानांच्या पंगती वाढणाऱ्यांनीच तो बेत ठरवत आणला असणार. हल्लीच्या बेतात मात्र डोसा, पास्ता, चाट असे 'लाइव्ह' काउंटर येतात आणि तिथे गणित बिघडतं. डोशाच्या एका मोठ्या तव्यावर एका वेळी तीन डोसे, तीन मिनिटांत निघतात असं धरा. दोन तवे असले तरी तासाला १२०. आठशे पानांच्या लग्नात दुपारभर तवे तापते ठेवले तरी निम्म्या माणसांच्या हाती डोसा लागत नाही, आणि ज्यांना लागत नाही ती माणसं तिथेच वाट पाहत उभी राहून वाट अडवतात. संध्याकाळच्या तीन तासांच्या रिसेप्शनला असे काउंटर शोभतात. दुपारच्या मुहूर्ताला ते टाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या पाऊण तासाकडे येऊ. अक्षता पडतात तेव्हा आपल्या ७६० पाहुण्यांपैकी सहाशे हॉलमध्ये असतात असं धरू. दीडशे जण आहेर द्यायला आणि फोटोला स्टेजकडे वळतात. साडेचारशे जेवणाकडे. नुसती पंगत ठेवली तर २०० बसतील आणि २५० जण त्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहतील. एका पंगतीला पस्तीस मिनिटं आणि टेबलं पुसून पुन्हा पानं मांडायला दहा, म्हणजे दुसरी पंगत दीडनंतर. सगळी आठशे पानं पंगतीनेच उठवायची तर चार पंगती लागतात, तीन तास जातात, पावणेचार वाजतात. हॉल चारला सोडायचा आहे.

नुसता बुफे ठेवला तर? बुफेची रांग किती वेगाने सरकेल हे सगळ्यांत हळू वाढल्या जाणाऱ्या पदार्थावर ठरतं. भाजी, वरण, भात एका डावात ताटात पडतो. पुरी मात्र कढईतून येईपर्यंत थांबावी लागते, आणि तिच्यासाठी अख्खी रांग थांबते. पुरी रांगेतून काढून स्वतंत्र टेबलावर ठेवली, किंवा परात घेऊन दोन वाढपी जेवणाऱ्यांमध्ये फिरते ठेवले, तर एका बाजूने मिनिटाला पाच-सहा माणसं वाढून बाहेर पडतात. तीन काउंटर, दोन्ही बाजूंनी, म्हणजे सहा रांगा. मिनिटाला तीस-बत्तीस माणसं. साडेचारशेंना पंधरा मिनिटं. हे सगळं सुरळीत चाललं तर.

आपल्या लग्नासाठी म्हणूनच दोन्ही ठेवायचं. ज्येष्ठ, लहान मुलांच्या आया आणि कराडहून सकाळी सहाला निघालेली मंडळी पंगतीत, बाकीचे अडीचशे बुफेला. पंगतीवरचा ताण जातो, बुफे दहा मिनिटांत मोकळा होतो. आणि स्टेजवरची रांग अक्षता पडल्याबरोबर सुरू करायची, नवरानवरीला कपडे बदलायला पाठवायचं नाही. ते अर्धा तास आत गेले की स्टेजकडे वळणारे दीडशे जणही जेवणाच्या रांगेत येऊन उभे राहतात.

पुरीचं एकदा नीट पाहिलंच पाहिजे. साडेचारशे माणसं, प्रत्येकी चार, म्हणजे १८०० पुऱ्या, आणि त्या चाळीस मिनिटांत हव्यात. मोठ्या कढईत एका वेळी पंधरा पुऱ्या सोडल्या तर टाकून, तळून, निथळून काढायला एक मिनिट. चाळीस मिनिटांत सहाशे. म्हणजे कढया तीन, तळणारे तीन. लाटायला बसलेली एक बाई मिनिटाला पाच पुऱ्या लाटते, सहाजणी तीस. १८०० पुऱ्यांना त्यांना तास लागतो. तेव्हा लाटणं तळण्याच्या वीसेक मिनिटं आधी सुरू व्हायला हवं, पण फार आधीही नको. लाटून ठेवलेल्या पुऱ्यांवर ओलसर फडकं असलं तरी अर्ध्या तासात कडा सुकू लागतात, आणि सुकलेली पुरी फुगत नाही, पापडासारखी चपटी तळली जाते. ताटात अशा चपट्या, तेलकट पुऱ्या दिसल्या की ओळखावं, भटारखान्याला मुहूर्ताची वेळ नीट कळवलेली नव्हती.

ही वेळ कळवणं हे एका माणसाचं पूर्ण वेळचं काम आहे. पत्रिकेवर १२.३१ असलं तरी अक्षता नेमक्या कधी संपतील हे गुरुजीही सांगू शकत नाहीत. अंतरपाट धरल्यावर गुरुजींची मंगलाष्टकं होतात, मग आत्याने रचलेलं एक, मामीने रचलेलं एक, आणि तेवढ्यात मुलाकडच्या काकूंनाही आठवतं की आपणही एक आणलंय. पंधरा मिनिटं सहज वाढतात. वरात नाचत आली तर तास. म्हणून भटारखान्याला घड्याळ देऊ नये, खुणा द्याव्यात. मुलगी गौरीहर पुजून उठली की लाटायला बसायचं. अंतरपाट धरला की कढया तापवायच्या आणि पंगतीच्या पानांवर मीठ, लिंबू, चटणी, लोणचं वाढून घ्यायचं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की कोशिंबीर कालवायची, पहिली पुरी सोडायची. हॉल आणि भटारखाना यांच्यामध्ये फोन घेऊन उभा राहणारा हा माणूस घरचाच, पण वधूपिता किंवा भाऊ नको. त्यांना ऐन वेळी बोहल्याजवळ बोलावतात.

बाकीचं वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं मोजत जायचं. मसालेभात बाराला उतरून वाफेवर. साधा भात दोन पातेल्यांत, पहिला सव्वाबाराला, दुसरा सव्वाला. वरण साडेअकराला तयार. अळू अकराला. जिलबीचं पीठ आदल्या दिवशी भिजवलेलं, तळणं दहापासून. नाश्त्याचे उपमे-इडल्या आठला हव्यात, म्हणजे भट्टी पाचला पेटली पाहिजे. पण हॉल सहाला मिळतो! ही विसंगती हॉल ठरवतानाच लक्षात यायला हवी. भटारखाना आदल्या रात्री दहापासून मागून घ्यावा, भाजी निवडणं-चिरणं, वाटणं रात्रीच होतात.

नाश्ता भरपेट आणि उशिरा, साडेदहापर्यंत चालू ठेवला तर दुपारी अन्न उरतं. आठ ते साडेनऊ ठेवावा आणि बंद करावा.

माणसबळाचा अंदाज असा. पंगतीला पन्नासच्या चार ओळी, प्रत्येक ओळीला तीन वाढपी आणि सगळ्यांवर एक मुकादम, म्हणजे तेरा. बुफेच्या तीन काउंटरांवर चौदा. पाण्याला चार, उष्टी ताटं उचलायला सहा, घासायला आठ. आचारी आणि मदतनीस अकरा, पुरीला नऊ, जिलबीला दोन. राहिले चौघे, आणि तेच महत्त्वाचे: भटारखान्यातून काउंटर भरत राहणारी पोरं. सगळे मिळून सत्तरएक. केटरर माणसं कमी करतो तेव्हा बहुधा या चौघांवर कात्री चालवतो, कारण ते पाहुण्यांना दिसत नाहीत. मग काउंटरवरचा वाढपी रिकामं भांडं घेऊन स्वतः आत जातो, पाच मिनिटांनी येतो, आणि तेवढ्यात तीस माणसं मागे साचतात. नियम असा असावा की भांडं अर्धं झालं की आतून भरलेलं भांडं निघालंच पाहिजे. यजमानाने लग्नाच्या दिवशी एकच गोष्ट पाहायची असेल तर काउंटरवरची भांडी पाहावीत. एखादं रिकामं दिसलं, तर आत माणूस कमी आहे. अन्न कमी आहे असं समजून घाबरू नये.

सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणिसांनी कामांची तपशीलवार याद काढून दिली होती. पेशव्यांच्या घरी माणसांची काय वानवा होती? पण कुठलं काम कुणाचं हे लिहून ठेवलेलं असावं, असं नानांनाही वाटलं.

आता बिघाडांचा विचार. सगळ्यांना भीती असते जास्त माणसं येण्याची. मुलाकडून तिसरी बस आली, पन्नास-साठ माणसं वाढली, तर काय? त्यासाठी जास्तीचं अन्न शिजवून ठेवणं हा महागडा आणि धोक्याचा उपाय. शिल्लक ठेवायची ती कोरडी. ८०० पानांना दोन्ही भातांचा मिळून साधारण सत्तर किलो तांदूळ, वीस किलो तूरडाळ, पंचेचाळीस किलो कणीक लागते. त्याशिवाय दहा टक्के कोरडा शिधा आणि एक पोतं बटाटे बाजूला. नाही लागलं तर केटररच्या कोठीत परत जातं. तीनचतुर्थांश पानं उठली की मुकादमाने यजमानाच्या माणसाला विचारायचं, "अजून किती?" हा प्रश्न सव्वा-दीडलाच आला पाहिजे, कारण मोठ्या पातेल्यात भात व्हायला पाऊण तास लागतो. वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी वाढवता येते. श्रीखंड आणि जिलबी वाढवता येत नाहीत. तिथे वाढप्यांना हात आखडता घ्यायला वेळेवर सांगावं लागतं, सगळं संपल्यावर नाही.

खरा धोका उन्हाळ्याचा. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम असावं किंवा पाच अंशांच्या आत थंड. मधल्या कोमट पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहिलं की जंतू वेगाने वाढतात. भाताचं उदाहरण घ्या. बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूची बीजं शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढतात. म्हणून भात दोनदा शिजवायचा, सकाळीच सगळा शिजवून ठेवायचा नाही. श्रीखंड आणि बासुंदीत भीती हाताची. एखाद्या वाढप्याच्या बोटाला जखम असेल तर तिथून गेलेला जंतू विष तयार करतो, त्याने एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, आणि हे विष नंतर उकळूनही जात नाही. ८० किलो श्रीखंड एकदम टेबलावर आणू नये. बर्फात ठेवलेल्या डब्यांतून चार-चार किलो काढत राहावं. बर्फाचंही पाहावं लागतं. मठ्ठा गार करायला कुणी बाजारातली लादी फोडून त्यात टाकत असेल तर तिचा रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळसर करण्याचा नियम आहे. निळा असेल तर तो फक्त भांड्याच्या बाहेर. पांढरा असला तरी मठ्ठ्यात न टाकता भांडंच बर्फात ठेवणं चांगलं.

गंमत अशी की या सगळ्या धोक्यांच्या तोंडी नेमकी मानाची पंगत सापडते. सगळ्यांत शेवटी, अडीच-पावणेतीनला, विहिणीची पंगत बसते. त्यांच्यासाठी केटरर 'खास' म्हणून सकाळीच सगळं बाजूला काढून ठेवतो. म्हणजे ज्यांची सर्वांत जास्त सरबराई व्हायची, त्यांच्याच ताटात चार तास कोमट राहिलेलं अन्न पडतं. काढून ठेवायला सांगू नये, ताजं करायला सांगावं. दुसऱ्या पातेल्यातला भात, पुऱ्यांचा नवा घाणा, नव्याने फोडणी दिलेली भाजी. पन्नास पानांचं हे काम आचाऱ्याला अर्ध्या तासाचं आहे. दीडला आठवण केली की झालं.

उरलेले बिघाड थोडक्यात. दाट तिथीला वाढपी ऐन वेळी येत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी केटररकडून माणसांची नावं घ्यावीत. नुसता आकडा कागदावर पूर्ण होतो, नावं होत नाहीत. जनरेटर सकाळी एकदा चालवून पाहावा. गॅसच्या टाक्यांचं वजन हाताने जोखून दोन भरलेल्या जास्तीच्या आहेत ना हे बघावं. मेमध्ये पुण्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस कोसळू शकतो. बुफे उघड्यावर असेल तर तो कुठे हलवायचा ती जागा आधी ठरलेली हवी. उपवासाची, जैन आणि मधुमेही मंडळींची पंधरा-वीस पानं वेगळी सांगितलेली असावीत, आणि ती कुणाकडे मागायची हे त्या माणसांना माहीत असावं.

उरलेलं अन्न द्यायचं असेल तर 'रॉबिन हूड आर्मी'सारख्या स्वयंसेवकांच्या गटाला आधीच कळवून ठेवावं आणि नक्की काय ते दोनलाच फोन करून सांगावं. चार वाजता फोन केला तर अन्न पोचेपर्यंत ते देण्याजोगं राहत नाही. काउंटरवर मांडलेलं अन्न देऊ नये. झाकून गरम राहिलेलं, भटारखान्यातून बाहेर न आलेलंच द्यावं.

हिशेब तिथेच, हॉल सोडण्याआधी. मामांची वही आणि मुकादमाची वही शेजारी ठेवून आकडा जुळवावा, दोघांनी सही करावी. ठरलेल्या रकमेतला शेवटचा हप्ता विहिणीची पंगत उठेपर्यंत आपल्याकडेच असू द्यावा. चांगल्या केटररला त्यात गैर वाटत नाही.

आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना एक विनंती. हॉलची पावती फाडण्याआधी व्यवस्थापकाला तीन प्रश्न विचारा: एका वेळी पंगतीला किती पानं बसतात, भटारखाना आदल्या रात्री मिळेल का, आणि हॉल किती वाजता रिकामा करून हवा? उत्तरं आपल्या यादीशी जुळत नसतील, तर स्टेज कितीही देखणं असलं तरी दुसरा हॉल बघा.